साठ किलो, दहा पुल-अप आणि एक मिसळ : जिममधल्या एका चॅटचं प्रकरण

नाशिकमधली एक मध्यम आकाराची जिम. सकाळी सव्वासहाची बॅच, दहा-बारा माणसं आणि स्क्वॉट रॅक एकच. निखिल एकोणतीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. सायली सत्तावीस वर्षांची, बँकेत अधिकारी. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. संदेश थोडे कापले आहेत, पण त्यांचा क्रम आणि सूर तसाच ठेवला आहे. चॅट दोघांनी मिळून वाचायला दिलं, म्हणून कुठल्या संदेशाने काय झालं हे दोन्ही बाजूंनी विचारता आलं. एरवी अशा गोष्टी आपण एकाच बाजूने ऐकतो, आणि ती बाजू बहुधा मुलाची असते.

जानेवारीत ट्रेनरने दोघांना एका रॅकवर लावलं. कारण सोयीचं होतं, बाकी रॅक नव्हताच. एकाचा सेट चालू असताना दुसरा थांबतो, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं जातात, प्लेटा काढाव्या-चढवाव्या लागतात. तासाभरात अशी पंधरा-वीस मिनिटं हाताला लागतात आणि ती गप्पांत जातात. दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात दोघांचेही नंबर होते, पण पहिले तीन आठवडे वेगळा संदेश कोणी केला नाही. याच ग्रुपमधून नंबर उचलून बॅचमधल्या दुसऱ्या एकाने सायलीला ‘हाय डिअर, ओळखलं का?’ असं पाठवलं होतं. तिने ते वाचून सोडून दिलं. ग्रुपमध्ये नंबर दिसतो तो सुट्ट्या आणि वेळा कळाव्यात म्हणून. तिथून थेट कोणाच्या इनबॉक्समध्ये शिरायचं तर हातात काहीतरी काम असावं लागतं.

निखिलला ते काम आयतं मिळालं. डेडलिफ्ट करताना पाठ वाकते की सरळ राहते हे आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून एके दिवशी सायलीनेच त्याच्या हातात फोन देऊ केला. फोनची बॅटरी संपत आली होती, तेव्हा म्हणाली, तुमच्यावर काढा आणि मला पाठवा. त्याने सकाळी नऊच्या सुमारास व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं:

‘शेवटचा रेप बघा. पाठ शेवटपर्यंत सरळ. चेहरा मात्र केवायसीची झेरॉक्स विसरून आलेला गिऱ्हाईक समोर उभा असल्यासारखा.’

तिचं उत्तर: ‘चेहरा कापून टाका 😂 पण पाठ खरंच सरळ आहे?’

पुढचे तीन महिने या एका देवाणघेवाणीवर चालले, म्हणून तिच्याकडे जरा नीट बघू. व्हिडिओ तिने मागितला होता, म्हणजे दार तिने उघडलं होतं. स्तुती ठरावीक गोष्टीची होती, शेवटच्या रेपमधल्या, म्हणजे शेवटच्या उचलीतल्या, पाठीची. ‘मस्त’, ‘भारी’ असं मोघम काही नव्हतं. चेष्टा चेहऱ्यावरच्या भावाची होती आणि तिच्या नोकरीत रुजलेली होती, म्हणजे हा माणूस रॅकवरच्या गप्पा ऐकतो हे तिला कळलं. आणि तिच्या उत्तरात प्रश्न होता. ‘थँक्स’ लिहून तिला तो विषय मिटवता आला असता. प्रश्न आला की समोरच्याला बोलणं पुढे न्यायचं आहे, आणि प्रश्न सातत्याने येईनासे झाले की नाही. या चॅटमध्ये नाडी बघायची तर ती इथेच बघावी लागते. इमोजींवरून काहीच कळत नाही. सायली बँकेच्या ग्रुपवर साहेबांनाही तोच हसरा चेहरा पाठवते.

फेब्रुवारीत संदेशांना त्यांची लय सापडली, आणि ती व्यायामानेच दिली. पायांचा व्यायाम केला की दुखणं त्याच दिवशी फारसं जाणवत नाही. ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि मग ओसरतं. सोमवारी लेग डे झाला की मंगळवारी संध्याकाळी सायलीचा संदेश येई, ‘बँकेच्या जिन्याने आज सूड घेतला.’ निखिल लिही, ‘ही नुसती नांदी. उद्या बघा.’ बुधवारी तो एकच शब्द पाठवी, ‘जिना?’ आणि ती, ‘लिफ्ट. साहेबांसोबत. अपमान.’ दोन आठवड्यांत ‘जिना?’ हा त्यांचा खासगी विनोद झाला. तिऱ्हाइताला त्यात काही दिसणार नाही. मला विचाराल तर फ्लर्टिंगचा मोठा भाग हाच असतो: जगासमोर उघडा ठेवला तरी दोघांनाच कळेल असं काहीतरी जमत जाणं. त्यासाठी लाल हृदयं लागत नाहीत. आगीची इमोजी तर कुठल्याच कामाची नाही. तिने ना स्तुती होते ना चेष्टा.

वेळेचंही सांगायला हवं. सव्वासहाच्या बॅचचा माणूस साडेदहाला झोपलेला असतो. हे संदेश सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत ये-जा करत. एकदा निखिलने रात्री पावणेबाराला अगदी साधं विचारलं, ‘उद्या पुश आहे ना?’ सायली म्हणाली, ‘प्रश्न साधाच होता, पण पहाटे उठून वेळ बघितली आणि वाटलं, ह्याला मध्यरात्री माझी आठवण का आली?’ तिला ते वाईट वाटलं नाही, पण लक्षात राहिलं. अशा संदेशातला खरा मजकूर घड्याळात असतो, आणि तो पाठवणाऱ्याला दिसत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तिची डेडलिफ्ट साडेबेचाळीस किलोवर होती. जिममधली सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, दोन्ही बाजूंना एकेक घातली की अडीच किलो वाढतात. आठवड्याला एवढंच वाढवायचं असं ट्रेनरचं धोरण. निखिल सहा पुल-अपवर महिनाभर अडकला होता. तिने लिहिलं, ‘माझे साठ आधी होणार की तुमचे दहा पुल-अप?’ तो म्हणाला, ‘हरणारा मिसळ देईल.’ तिने, ‘चालेल, पण मग “तुम्ही” बंद. पैज लावलेल्या माणसाला अहो-जाहो करून शिव्या देता येत नाहीत.’

पैज चांगली होती, कारण कोणीही हरलं तरी मिसळ दोघं मिळूनच खाणार. त्यात भेटायचा इशारा होता, पण तारीख नव्हती, त्यामुळे कोणावर लगेच हो-नाही म्हणायची वेळ आली नाही. आणि निखिलने स्वतःची अडकलेली गाडी उघड्यावर ठेवली होती. एकाचीच प्रगती सतत चर्चेत राहिली की दुसरा नकळत परीक्षक होतो. इथे दोघांनाही काहीतरी जमत नव्हतं.

तरी परीक्षक व्हायचा मोह त्याला मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालाच. एका रात्री त्याने डेडलिफ्टच्या तीन रील पाठवल्या आणि खाली, ‘तुझे हिप्स आधी उठतात, मग पाठ. सुरुवातीलाच छाती वर ठेव.’ सल्ला चूक नव्हता. वजन वाढलं की नवख्या माणसाचे नितंब खांद्यांच्या आधी वर येतात आणि सगळा भार कमरेवर पडतो. पण तिने विचारलं नव्हतं. उत्तर आलं ‘ओके 👍’. दुसऱ्या दिवशी ‘जिना?’ला ‘ठीक’. त्यानंतर दोन दिवस तिच्याकडून एकही प्रश्न आला नाही. सायलीचं म्हणणं, ‘ट्रेनर सर आहेत की सांगायला. ह्याच्याकडे मी पास-नापास व्हायला जात नव्हते.’ निखिलला ‘ओके’मधला गारवा जाणवला आणि त्याने कारण विचारत न बसता उलटी बाजू धरली. स्वतःच्या पुल-अपचा व्हिडिओ पाठवला: ‘सातव्याला पाय सायकल चालवतात. तुला काय दिसतं?’ तिला जे दिसलं ते तिने पाच ओळींत आणि भरपूर आनंदाने लिहिलं. गाडी रुळावर आली.

याच महिन्यात एक संदेश त्याने पाठवला नाही, आणि तो पाठवलेल्या संदेशांइतकाच महत्त्वाचा. सायलीने जिमच्या आरशातला फोटो स्टेटसला ठेवला होता. निखिलने ‘काय फिगर झालीये!’ असं लिहिलं, थांबला आणि खोडलं. त्याऐवजी गेलं ते, ‘ह्याच आरशासमोर जानेवारीत नुसता बार उचलून “एवढा पुरे” म्हणाली होतीस.’

खोडलेल्या वाक्यात शिवी नव्हती, कौतुकच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार होतं ते बघा. जड स्क्वॉटला साथीदार आधारासाठी मागे उभा राहतो. आदल्या रात्री शरीरावर शेरा मारलेला माणूस पहाटे सव्वासहाला बरोबर मागे उभा, आणि आपल्याला खाली बसायचं आहे. सायली म्हणाली, ‘तसं आलं असतं तर मी त्या दिवशी सैल टी-शर्ट घालून आले असते आणि त्याला समोर उभं राहायला सांगितलं असतं.’ कॉलेजच्या मैत्रिणीला किंवा लग्नात भेटलेल्या कोणाला तेच वाक्य कदाचित चाललं असतं. इथे दोघांची शरीरं रोज एकमेकांसमोर, घामेजलेली, धापा टाकत असतात. म्हणून शब्दांनी ती मध्ये आणली की जागा अवघडते. जानेवारीतला रिकामा बार आठवून सांगणं हेही ‘मी तुझ्याकडे बघत आलोय’ असंच सांगणं आहे, पण त्यात तिची मेहनत दिसते. तिने उत्तरात लिहिलं, ‘तुला आठवतंय?’ हा प्रश्न व्यायामाचा नव्हता. चॅटची दिशा बदलली ती इथे.

आणि दहा दिवसांत त्याने ती जवळजवळ घालवली.

मार्चचा शेवटचा आठवडा. सायली सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. निखिलचे संदेश असे गेले. सोमवार: ‘लेग डे बुडवला 😏’. मंगळवार: ‘आज पण?’ बुधवार सकाळ: ‘कुठे गायब?’ बुधवार रात्र: ‘काल अकराला ऑनलाइन होतीस, म्हणजे जिवंत आहेस.’

यातला पहिला संदेश महिन्याभरापूर्वी आला असता तर ती हसली असती. चौथ्याने तिने ‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही लपवून टाकलं. मधल्या दोन संदेशांत नेमकं काय बिघडलं? जिम, डान्स क्लास, रविवारचं श्रमदान, कुठेही दोघांचं वेळापत्रक सामाईक असतं. समोरचा कुठल्या दिवशी किती वाजता कुठे असतो हे न विचारता कळतं. त्याच माहितीवर ‘जिना?’ हा विनोद उभा होता. विनोदात ती माहिती तिला काहीतरी द्यायला वापरली होती. ‘आज पण?’मध्ये तीच माहिती तिच्याकडून जाब मागायला वापरली. आणि ‘काल अकराला ऑनलाइन होतीस’ हे तर जिमबाहेरचं होतं, तिच्या घरातलं होतं. हजेरी घेणं आणि चेष्टा करणं यांतलं अंतर लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याच्या मनात दोन्ही वेळी ओढच असते. वाचणाऱ्याला मात्र लगेच दिसतं. ओळखायची साधी खूण सांगतो: उत्तर आलेलं नसताना पुढचा संदेश जातोय का, आणि त्या संदेशाला उत्तर म्हणून समोरच्याला काही सांगावंसं वाटेल की खुलासा द्यावा लागेल?

गुरुवारी तिने लिहिलं, ‘तू रॅक पार्टनर आहेस की इन्स्पेक्टर? मार्चअखेर आहे. रात्री दहाला घरी येतेय.’

बँकेतल्या माणसाला ३१ मार्च म्हणजे काय हे अकाउंट्सवाल्या माणसाला सुचू नये, हे मला अजून नवल वाटतं. पण त्याचं उत्तर चांगलं होतं: ‘बरोबर आहे. हजेरी बंद. बार पळून जात नाही.’ आपण काळजीने विचारत होतो, हे त्याने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ‘तसं नाही रे’ म्हणत तिलाच त्याची समजूत काढावी लागली असती, तीही रात्री दहाला. पुढे त्याने काहीही पाठवलं नाही, ‘ऑल द बेस्ट’ही नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संदेश तिचा आला: ‘क्लोजिंग झालं. आता आधी झोपू की आधी साठ?’ तो: ‘झोप. साठला मी चाळीसचीही घाई करणार नाही.’ कोटी फारशी जमली नव्हती, पण तिने परत प्रश्न केला, ‘तुझे किती झाले?’ आठ झाले होते.

मधल्या सुट्टीमुळे तिचं वजन थोडं मागे गेलं होतं. ते परत चढत एप्रिलच्या शेवटी बारवर साठ लागले. वीसचा बार, दोन्ही बाजूंना वीस-वीस. गेले, एकदाच, पण गेले. निखिल आठवरच होता. त्या दिवशी दुपारी त्याने हे लिहिलं:

‘पैज हरलो. रविवारी सकाळी नऊला मिसळ? आणि खरं सांगायचं तर फक्त पैजेसाठी विचारत नाहीये, तुझ्यासोबत जायचंय म्हणून विचारतोय. नको असेल तर मोकळेपणाने सांग, मिसळ पार्सल आणून देईन आणि सोमवारी रॅकवर सगळं होतं तसंच.’

मला हा संदेश अख्ख्या चॅटमधला सर्वात चांगला वाटतो, आणि त्यात विनोद सगळ्यात कमी आहे. तीन महिने आडून बोलल्यावर एकदा सरळ बोलावं लागतं. नाहीतर मिसळ खाताना एक जण डेटवर असतो आणि दुसरा नुसता नाश्त्याला. दिवस आणि वेळ आहे, म्हणजे उत्तर देणं सोपं. जागा सार्वजनिक, वेळ सकाळची. आणि नकाराची किंमत त्याने आधीच सांगून टाकली: शून्य. रोजच्या जागेतली ओळख असली की नकार देणाऱ्याला सर्वात मोठी भीती असते ती हीच, की नाही म्हटलं तर बॅच बदलावी लागेल, नाहीतर वर्षाची फी भरलेली जिम सोडावी लागेल. ती भीती काढली नाही तर येणारा होकार खरा की अडचणीतला हे विचारणाऱ्यालाही कळत नाही.

नकार आला असता तर? मी निखिलला विचारलं. म्हणाला, ‘“कळलं, सांगितलंस ते बरं केलंस” एवढं लिहून आठवडाभर आपणहून संदेश केला नसता. रॅकवर प्लेटा लावल्या असत्या.’ बरोबर आहे, फक्त एक भर घालतो: ‘जिना?’ पुन्हा सुरू करायचा असेल तर तो तिने. कित्येक जण नकारानंतर प्रगतीच्या आडून परत येतात, ‘सहज विचारलं, आज किती उचललंस’ म्हणून. विषय जुना आणि निरुपद्रवी असतो, त्यामुळे समोरचीला तक्रारही करता येत नाही, आणि तीच त्यातली मेख. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधण्याला पाठलाग मानतं, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुल-अपबद्दलचा संदेशही संपर्कच असतो.

सायलीने दोन तासांनी उत्तर दिलं: ‘हरलास तू, पैसे तू देणार. नऊ नको, साडेनऊ. रविवारी तरी झोपू दे. बाकीचं तिथे बोलू.’

हा निम्मा होकार आहे, आणि निखिलने तो निम्माच धरला. ‘साडेनऊ. रस्सा जास्तीचा घेऊ’ एवढंच लिहिलं. ‘बाकीचं म्हणजे काय?’ विचारलं नाही. मिसळीच्या टेबलावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. तिलाही आवडतंय, पण बॅचला इतक्यात कळायला नको, ग्रुपवर एकमेकांना काही खास लिहायचं नाही. आणि पुढे बिनसलंच तर ज्याला नकोसं होईल त्याने न सांगता गायब व्हायचं नाही. निखिलची शिफ्ट सोयीची आहे, तेव्हा तो संध्याकाळच्या बॅचला जाईल. दुसरी अट त्याला जरा रुक्ष वाटली होती, पहिल्याच भेटीत ताटातुटीची वाटाघाट. मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते, आणि ती सुचली बँकवालीला, यात नवल नाही.

लास्ट सीन तिने अजून लपवलेलंच आहे. निखिलने त्याबद्दल विचारलेलं नाही. दहा पुल-अप जूनमध्ये झाले. त्याचा व्हिडिओ सायलीने काढला, आणि चेहरा कापला नाही.